तळहाताचं हाड मोडलंय, पट्टी पुरेल की तार घालावी लागेल? कॅज्युअल्टीत नव्याने आलेल्यांसाठी

सोलापुरात ऑर्थोची पोस्टिंग सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मेटाकार्पलचं फ्रॅक्चर दिसणारच. यंत्रमागावरचा तरुण, भावाशी भांडून दारावर मूठ मारलेला कॉलेजकुमार, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हातावर जड काही पडलेला कामगार, दुचाकीवरून घसरलेला विद्यार्थी. सूज सारखी, तक्रार सारखी, आणि सीनियर वॉर्डात अडकलेले. एक्स-रे हातात घेऊन तुम्ही विचार करत असता की हाड इतकं वाकलंय म्हणजे ऑपरेशन लागणारच.

बहुतेक वेळा लागत नाही. उलट एखादं फ्रॅक्चर फिल्मवर सरळ दिसतं आणि तेच ऑपरेशनला न्यावं लागतं. हा उलटा हिशोब कसा लागतो ते इथे सांगतो. करंगळीच्या मेटाकार्पलची मान आणि अनामिकेच्या मेटाकार्पलचा दांडा, या दोनच जागा घेतो, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. अंगठ्याच्या मेटाकार्पलचे नियम वेगळे आहेत, त्याला यातलं काही लावू नका.

सुरू करण्याआधी जवळ काय असावं

- हाताचे तीन एक्स-रे: समोरून, तिरका आणि खरा लॅटरल. दोनच काढून आले असतील तर लॅटरलसाठी परत पाठवा.
- कोन मोजायला गोनिओमीटर किंवा पट्टी-पेन्सिल.
- अर्धा ते एक इंच रुंदीची कापडी चिकटपट्टी, गॉज, कात्री.
- अंगठी कापायचं कटर. ते नसेल तर दोऱ्याने अंगठी काढायची पद्धत आधीच शिकून ठेवा.
- भांडणाचा प्रकार असेल तर एमएलसीचं रजिस्टर. पुढे योजनेतून ऑपरेशन करायचं ठरलं तर रेशनकार्ड आणि आधार लागतात, म्हणून नातेवाइकांना आजच सांगा आणि आरोग्यमित्राकडे पाठवा. कामगाराकडे ईएसआयचं कार्ड आहे का तेही विचारा.

१. अंगठी काढा, मग कातडी बघा

सूज वाढायच्या आत अंगठी, कडं, धागा सगळं उतरवायचं. त्यानंतर पोरांच्या मुठीचा वरचा भाग, म्हणजे बोटांची मुळं, नीट बघा. तिथे अर्धा सेंटिमीटरची जखम असेल तर ती कशाने झाली ते एकांतात विचारा. मित्रांसमोर पोरगा "दारावर आपटलं" म्हणतो, एकटा असला की "दाताला लागलं" म्हणतो.

दाताची जखम वरून किरकोळ दिसते, पण मूठ आवळलेली असताना दात सांध्यापर्यंत गेलेला असतो. बोट सरळ केलं की कातडी आणि टेंडन सरकून ती वाट झाकतात. अशी जखम शिवायची नाही. मूठ वळवून जखम बघायची, टिटॅनस आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट सुरू करायचं आणि ऑर्थोच्या सीनियरना त्याच रात्री कळवायचं, कारण सांधा धुवायला लागतो. खाली दिलेले कोन-बिन या पेशंटच्या बाबतीत नंतरचे.

२. एक्स-रे बघायच्या आधी बोटं वळवून बघा

हाच क्रम ठेवा. एकदा फिल्म बघितली की डोळा तिच्यातच अडकतो आणि हाताकडे जातच नाही.

पेशंटला सांगा, "हळूहळू मूठ करा, जमेल तेवढी." पूर्ण मूठ होत नाही, अर्धी झाली तरी चालते. समोर बसून नखांकडे बघा. वळलेल्या चारही बोटांची टोकं मनगटाच्या अंगठ्याकडच्या एका उंचवट्याच्या दिशेने झुकलेली असतात. हा उंचवटा स्कॅफॉइड हाडाचा, अंगठ्याच्या बुडापाशी बोटाने चाचपून मिळतो. एक बोट त्या दिशेतून सुटून शेजारच्या बोटावर चढत असेल किंवा त्याच्याखाली शिरत असेल तर ते रोटेशन, म्हणजे हाडाचा पुढचा तुकडा स्वतःभोवती फिरलेला आहे.

आता दुसरा हात तसाच वळवायला सांगा. हे टाळू नका. काही लोकांची करंगळी जन्मापासूनच थोडी अनामिकेकडे झुकते. ठीक असलेल्या हाताशी तुलना केली नाही, तर नसलेलं रोटेशन दिसतं किंवा असलेलं सुटतं.

दुखतंय म्हणून मूठ होतच नसेल तर दोन रस्ते आहेत. पहिला: कोपर टेबलावर टेकवा, हात सैल सोडायला सांगा आणि मनगट तुम्ही हळूच मागे वाकवा. टेंडन ताणले जाऊन बोटं आपोआप थोडी वळतात, पेशंटला जोर लावावा लागत नाही. दुसरा: बंद फ्रॅक्चर असेल तर १ टक्का लिग्नोकेन ३ ते ५ मिली फ्रॅक्चरच्या जागी देऊन, दहा मिनिटं थांबून पुन्हा मूठ करायला लावा. मात्र त्याआधी बोटांच्या टोकांची संवेदना तपासून लिहून ठेवायची, कारण इंजेक्शननंतर ती विचारून उपयोग नाही.

बोटं सरळ असतानाही एक गोष्ट बघता येते. हात टेबलावर ठेवून बोटांच्या टोकाकडून नखांच्या रेषेकडे बघा. एखादं नख बाकीच्यांपेक्षा तिरकं दिसलं की संशय घ्या. पण फक्त सरळ बोटांवर विसंबू नका, कारण सरळ बोटांत बरंच काही लपतं. मेटाकार्पलमध्ये ५ अंश रोटेशन असलं तर मूठ करताना बोटाच्या टोकाशी दीड सेंटिमीटरपर्यंत चढाई होऊ शकते. ५ अंश हे एक्स-रेवर कुणालाही दिसत नाहीत, आणि दीड सेंटिमीटर हे कुणाच्याही डोळ्यांतून सुटत नाही. हे वाक्य लक्षात राहिलं तर लेखातलं बाकी विसरलात तरी चालेल.

३. आता कोन मोजा

मान मोडते तेव्हा पुढचं डोकं तळव्याकडे झुकतं आणि कोनाचं टोक हाताच्या पाठीकडे उभं राहतं. कारण आतले छोटे स्नायू, इंटरॉसियाय, पुढच्या तुकड्याला तळव्याकडे ओढतात. त्यामुळे बाहेरून मुठीचा तो उंचवटा बसलेला दिसतो. दांड्याच्या फ्रॅक्चरमध्येही वाकणं त्याच दिशेला असतं.

लॅटरल फिल्मवर एक रेघ दांड्याच्या पोकळीच्या मधून आणि दुसरी डोक्या-मानेच्या मधून ओढा, दोघींमधला कोन मोजा. तिरक्या फिल्मवर मोजू नका, ती वाकणं वाढवून दाखवते. खऱ्या लॅटरलमध्ये चारही हाडं एकावर एक येतात, म्हणून रेघ मारताना वैताग येतो. हात थोडा पालथा करून घेतलेला लॅटरल करंगळी आणि अनामिकेसाठी मदत करतो. दोन जणांनी मोजलेले कोन बरेचदा जुळत नाहीत, म्हणून एकाच फिल्मवरच्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक खाच. सामान्य मेटाकार्पलची मानसुद्धा तळव्याकडे १५ अंशांच्या आसपास वाकलेलीच असते. त्यामुळे फिल्मवर ५० मोजले तरी खरी विकृती ३५ च्या आसपास असते. नोंदीत लिहिताना "मोजलेला" की "मूळचा कोन वजा केलेला" हे स्पष्ट लिहा, नाहीतर सकाळच्या राउंडला दोन जण दोन वेगळ्या आकड्यांवर वाद घालत बसतात.

४. किती वाकणं चालतं, आणि का

कारण समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. मेटाकार्पलच्या मुळाशी मनगटाच्या हाडांशी जो सांधा आहे तो तर्जनी आणि मधल्या बोटाकडे जवळजवळ हलतच नाही. अनामिकेकडे थोडा हलतो, करंगळीकडे बऱ्यापैकी, २० ते ३० अंश. मूठ आवळताना करंगळीकडची कड पुढे येते ती त्यामुळेच. म्हणून करंगळीचं हाड वाकून जुळलं तरी मुळाचा सांधा ते सांभाळून घेतो. तर्जनीला ती सोय नाही, तिचं डोकं तळव्यात उभं राहतं आणि हातोडीचं किंवा स्क्रू ड्रायव्हरचं हँडल धरताना तिथे टोचत राहतं.

मानेच्या फ्रॅक्चरला वापरले जाणारे आकडे साधारण असे: तर्जनी आणि मधलं बोट १० ते १५ अंश, अनामिका ३० ते ४०, करंगळी ४० ते ५०. करंगळीला काही जण ७० पर्यंतही मान्य करतात. दांड्याला हे सगळं कमी होतं: तर्जनी-मधलं बोट १० च्या आत, अनामिका २०, करंगळी ३०. दांडा मध्ये वाकतो तेव्हा हाताच्या पाठीवर उठलेला कणा दिसतो आणि टेंडनचा ताण बिघडतो, म्हणून मुभा कमी.

आखूडपणाचाही हिशोब आहे. साधारण दर २ मिलिमीटरला बोट पूर्ण सरळ करण्यात ७ अंशांची उणीव राहते. ५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की सीनियरना दाखवायचंच.

या सगळ्या आकड्यांशेजारी रोटेशनचा मान्य आकडा मात्र नाही. मूठ करताना बोट दुसऱ्यावर चढत असेल तर कोन शून्य असला तरी ते चालत नाही. वाकणं वेळेबरोबर सोसलं जातं, फिरलेलं बोट नाही.

वाकणं चालेल की नाही हे पेशंटचा हातही सांगतो. बोटं सरळ करायला सांगा. बोटाच्या मुळाचा सांधा मागे ताणला गेला आणि मधला सांधा वाकलेलाच राहिला, तर कोन कागदावर ठीक असला तरी सीनियरना बोलवा.

५. दोन पेशंट, एकाच रात्री

पहिला यंत्रमागावरचा, वय सव्वीस. भांडणात लाकडी दारावर मूठ मारलेली. करंगळीच्या मेटाकार्पलची मान मोडलेली. लॅटरलवर ५२ अंश, मूळचे १५ वजा केले तर ३७. उंचवटा गेलेला, मित्र मोबाइलवर फोटो काढून "हाड पार तुटलंय" म्हणून घाबरवतोय. कातडी अखंड, दाताची जखम नाही. मूठ करायला लावली तर अर्धी झाली, चारही नखं स्कॅफॉइडकडे, दुसऱ्या हातासारखीच. बोट सरळही जवळजवळ पूर्ण होतंय.

याला बडी स्ट्रॅपिंग. ओढून बसवायची गरज नाही, आणि हे नवीन माणसाला पटवणं सगळ्यात अवघड जातं. बसवता येतं: मुळाचा आणि मधला सांधा ९० अंशात वळवून बोटाच्या पहिल्या हाडावरून डोकं वर ढकलायचं आणि वरचं टोक खाली दाबायचं. पण तळव्याकडचा भाग चुरडलेला असल्याने डोकं स्लॅबमध्ये पुन्हा त्याच जागी झुकतं, आठवड्याने तोच कोन दिसतो. मान्य कोनात असलेलं फ्रॅक्चर बसवण्यात पेशंटला एक वेदना जास्त मिळते, बाकी काही नाही. आणि बसवायच्या त्या वळलेल्या स्थितीतच, मधला सांधा ९० अंशात ठेवून प्लास्टर तर अजिबात करू नका. कातडी दबून जखम होते आणि तो सांधा ताठरतो.

दुसरा पेशंट चाळिशीचा, पायरीवरून घसरून हातावर पडलेला. अनामिकेच्या मेटाकार्पलच्या दांड्याला पिळाच्या आकाराची लांब भेग. समोरच्या फिल्मवर जागेपासून सरकलेलं जवळजवळ नाही, लॅटरलवर ८ अंश. आखूडपण २ मिलिमीटरच्या आत. माझ्यासोबतचा इंटर्न म्हणाला, "सर, हे तर सरळच आहे, स्ट्रॅप करून सोडू." लिग्नोकेन देऊन मूठ करायला लावली तर अनामिका सरळ करंगळीवर चढून बसली. दुसऱ्या हातात तसं काहीही नव्हतं.

याचं कारण हाडाच्या शेजाऱ्यांत आहे. मधल्या आणि अनामिकेच्या मेटाकार्पलला दोन्ही बाजूंनी डोक्याजवळ लिगामेंटने शेजाऱ्यांशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते फारसं आखूड होत नाही आणि फिल्म साधी दिसते. स्वतःभोवती फिरायला मात्र ते बंधन अडवत नाही, आणि पिळाची भेग फिरण्यातूनच तयार झालेली असते. फिल्मवर शोधायचंच असेल तर फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंची हाडाची जाडी सारखी आहे का बघा. एक बाजू रुंद आणि एक अरुंद दिसली तर तुकडा फिरलाय.

याला फिक्सेशन लागलं. भेगेची लांबी हाडाच्या जाडीच्या दुप्पट असल्याने सीनियरनी स्क्रूचा मार्ग घेतला. भेग आखूड असती तर प्लेट किंवा के-वायरचा विचार झाला असता. कुठलं साधन वापरायचं हा तुमच्या पोस्टिंगचा प्रश्न नाही. तुमचं काम आहे "अनामिका, पिळाची भेग, मूठ करताना करंगळीवर चढते, दुसऱ्या हातात नाही" एवढं फोनवर सांगणं. एवढं ऐकलं की सीनियर जागे होतात.

६. स्ट्रॅपिंग कसं करायचं

करंगळी अनामिकेला बांधायची. दोघींमध्ये गॉजची घडी घाला, नाहीतर सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांत कातडी पांढरी पडून सुटते. पट्टीचे दोन तुकडे: एक बोटाच्या पहिल्या हाडाभोवती, एक मधल्या हाडाभोवती. मधला सांधा आणि टोक मोकळं राहिलं पाहिजे. घट्ट नको, बोटाचं टोक गुलाबी आहे का ते बांधल्यावर बघा. बांधून झाल्यावर लगेच मूठ करायला लावा आणि नखं पुन्हा तपासा. पट्टी बोट सरळ करत नाही, ती फक्त शेजारच्या बोटाला गाडीच्या मागच्या डब्यासारखं जोडून ठेवते. बांधताना बोट वाकडं असेल तर वाकडंच जुळेल, आणि पट्टीमुळे तुम्हाला ते दिसणारही नाही.

फार दुखत असेल तर सुरुवातीचे काही दिवस करंगळीकडच्या बाजूचा स्लॅब देतात. तो देताना मनगट २० ते ३० अंश मागे, बोटाच्या मुळाचा सांधा ७० ते ९० अंश वळलेला आणि पुढचे दोन सांधे सरळ. मुळाचा सांधा सरळ ठेवलात तर त्याचे बाजूचे लिगामेंट आखडतात आणि मग मूठ होत नाही, हाड कितीही सुंदर जुळलं तरी. दांड्याच्या न सरकलेल्या फ्रॅक्चरलाही असाच स्लॅब ठेवून तीन-चार आठवड्यांनी हलवायला सुरुवात करतात.

घरी सांगायच्या गोष्टी: पहिल्या दिवसापासून बोटं हलवत राहा, हात उंच ठेवा, गॉज रोज बदला. यंत्रमागावर बसणाऱ्याला स्पष्ट सांगा की पट्टी बांधलेल्या हाताने चालू मागाशेजारी जायचं नाही, सुटलेलं टोक धाग्यात किंवा फिरत्या भागात अडकतं. "मालक ऐकत नाही" असं म्हणेल, तेव्हा फिटनेसचं पत्र लिहून द्या.

उंचवटा परत येणार नाही हेही बांधतानाच सांगा. हे आज सांगितलं तर तो माहिती समजतो, सहा आठवड्यांनी सांगितलं तर बहाणा समजतो.

७. पुन्हा कधी बोलवायचं

आठवड्याने एक्स-रे आणि पुन्हा मुठीची तपासणी, दोन्ही. पहिल्या आठवड्यात सूज उतरते आणि ज्याला पहिल्या दिवशी मूठ करता आली नव्हती त्याचं रोटेशन इथे उघडं पडतं. पिळाची किंवा तिरकी भेग असेल तर दुसऱ्या आठवड्यालाही बोलवा, ती सरकू शकते. या भेटीत कोन वाढलेला दिसला तर सुधारायला अजून वेळ असतो. तीन-चार आठवडे गेले की हाड चिकटतं आणि मग तोडून पुन्हा जुळवावं लागतं.

तीन ते चार आठवड्यांनी दाबून दुखत नसेल तर पट्टी सोडवा. तेव्हा एक्स-रेवर भेग अजून दिसते, म्हणून घाबरून पट्टी लांबवू नका. हाड हाताला घट्ट लागणं फिल्मच्या आधी होतं. जड काम, धोटा सावरणं, पोती उचलणं वगैरे सहा आठवड्यांच्या आसपास, मुठीची ताकद दुसऱ्या हाताशी तपासून.

के-वायर टाकलेल्या पेशंटला तारेच्या तोंडाशी पू, लाली, वाढणारी दुखणी असेल तर वाट न बघता यायला सांगा. तारा साधारण चार आठवड्यांनी निघतात.

ताबडतोब सीनियरना कळवायचं असे पेशंट

दाताची किंवा उघडी जखम. मूठ करताना चढणारं बोट. एकापेक्षा जास्त मेटाकार्पल मोडलेली. सांध्यात गेलेली भेग. बोट थंड किंवा बधिर. हात चेंगरून पोटरीसारखा टणक फुगलेला आणि बोटं ताणली की किंकाळी फुटते, असा कामगार, एक्स-रे साधा असला तरी.

कागदावर प्रत्येक पेशंटसाठी चार ओळी लिहा: कातडी, मूठ करताना नखं (दुसऱ्या हाताशी तुलना करून), मोजलेला कोन आणि कुठल्या फिल्मवर, पुढची तारीख. दुसरी ओळ रिकामी दिसली तर तो पेशंट अजून तपासलेला नाही असंच धरा आणि पट्टी सोडून पुन्हा मूठ करायला लावा.